बाबांच्या नावे पॉवर ऑफ ॲटर्नी: काय होतं, काय होत नाही

"आम्ही दोघं मार्चमध्ये जर्मनीला शिफ्ट होतोय. वाकडला फ्लॅट बुक केलाय, दोघांच्या नावावर, पझेशन अजून वर्षभराने, होम लोन चालू. गावाकडच्या वडिलोपार्जित जमिनीतही माझं नाव आहे. एजंट म्हणतो बाबांच्या नावे एक जनरल पॉवर ऑफ ॲटर्नी नोटरी करून टाका, सगळी कामं होतात. खरंच होतात का? बाबा नक्की काय करू शकतील आणि काय नाही?"

नाही होत. काही होतात, आणि जी होत नाहीत ती नेमकी मोठी असतात, आणि ते कळतं तेव्हा तुम्ही सात हजार किलोमीटर लांब बसलेले असता. मी २०१४ ला अगदी हेच करून श्टुटगार्टला आले. कोर्टाबाहेर टेबल टाकून बसलेल्या नोटरीकडून शंभरच्या स्टँपवर एक छापील मजकूर, वर भावाचं नाव, खाली माझी सही, शिक्का, पंधरा मिनिटांत काम झालं. त्यात एक वाक्य होतं ते मला आजही पाठ आहे: "माझ्या सर्व स्थावर जंगम मिळकतीसंबंधी सर्व प्रकारची कामे माझ्या वतीने करणे." मला वाटलं सर्व म्हणजे सर्व, आता काय राहिलं.

सात वर्षं त्या कागदावर सगळं सुरळीत चाललं. भाऊ प्रॉपर्टी टॅक्स भरायचा, लाइटच्या मीटरची तक्रार करायचा, भाडेकरू बदलला की लिव्ह अँड लायसन्स करायचा, सोसायटीच्या ऑफिसात जाऊन पावती आणायचा. यातल्या अर्ध्या कामांना पॉवर ऑफ ॲटर्नी लागतच नाही हे मला नंतर कळलं, टॅक्स कोणीही भरला तरी महापालिका पैसे घेतेच. मग २०२१ ला चिंचवडचा फ्लॅट विकायचं ठरलं, गिऱ्हाईक मिळालं, टोकन आलं, आणि खरेदी करणाऱ्याच्या बँकेच्या वकिलाने तो कागद दोन मिनिटं बघून परत दिला. एक, नुसता नोटरी आहे, दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला नाही. दोन, यात "विक्री करणे" असं कुठेच लिहिलेलं नाही. माझं ते "सर्व प्रकारची कामे" त्याच्या दृष्टीने शून्य होतं.

आणि तो बरोबर होता हो. कुलमुखत्यारपत्र, म्हणजे हीच पॉवर ऑफ ॲटर्नी, ही एजन्सी आहे, आपल्या वतीने काम करायला दुसऱ्याला नेमणं, १८७२ च्या करार कायद्यातली, आणि त्यावर १८८२ चा एक छोटासा वेगळा कायदा. कोर्टं हे कागद फार काटेकोरपणे वाचतात, जे लिहिलंय तेवढंच दिलंय, जे लिहिलं नाही ते दिलेलंच नाही. "व्यवस्था पाहणे" मध्ये विकणं येत नाही, विकण्यामध्ये गहाण टाकणं येत नाही, आणि बक्षीसपत्र तर वेगळं स्पष्ट लिहिल्याशिवाय नाहीच नाही. शेवटी जे "आणि इतर सर्व कामे" असतं ते वर लिहिलेल्या कामांना पूरक बारीकसारीक कामांपुरतं धरतात, त्यातून नवीन मोठा अधिकार निघत नाही. त्यामुळे जनरल हा शब्द डोक्यावर छापलाय म्हणून आत सगळं आलं असं समजू नका, आतले मुद्दे वाचा.

आता तुमचं. माझं मत सरळ आहे, एक मोठी जनरल करण्यापेक्षा फ्लॅटसाठी एक विशेष, म्हणजे ठरावीक कामांपुरतं, मुखत्यारपत्र करा, बँकेचं त्यांच्या फॉरमॅटमध्ये वेगळं करा, आणि जमिनीचं तर शक्यतो करूच नका किंवा अगदी मोजकं करा. आणि फ्लॅटचं निघायच्या आधी दुय्यम निबंधकाकडे रजिस्टर करा, नोटरीवर भागवू नका. कारण तुम्ही इथे असताना ते एका सकाळचं काम आहे. दोघांनी आणि बाबांनी जायचं, दोन साक्षीदार, आधार पॅन फोटो, अंगठे, कॅमेऱ्यासमोर फोटो, झालं. १९०८ च्या नोंदणी कायद्यात हे कलम ३३ ला आहे, भारतात राहणाऱ्या माणसाला दुसऱ्याकडून दस्त नोंदणीला हजर करायचा असेल तर मुखत्यारपत्र निबंधकासमोर केलेलं आणि त्याने प्रमाणित केलेलं लागतं, नोटरीचं चालत नाही. परदेशात राहत असाल तरच नोटरी किंवा भारतीय वकिलातीसमोर केलेलं चालतं. म्हणजे तुम्ही सही करताना कुठे राहत होतात त्यावर नियम बदलतो, आणि एजंटला बहुतेक हेच माहीत नाही.

एक अजून, फ्लॅट दोघांच्या नावावर आहे म्हणता, तर दोघांनी लिहून द्यायला हवं. तुमच्या मिस्टरांच्या हिश्श्याची पॉवर तुम्ही देऊ शकत नाही आणि उलटंही. एकाच कागदावर दोघं लिहून देणारे आणि बाबा लिहून घेणारे असं चालतं. आणि जमलं तर बाबांबरोबर भावाचंही नाव घाला, "एकत्रित किंवा स्वतंत्रपणे" या शब्दांसकट, म्हणजे बाबांना बरं नसेल त्या दिवशी भाऊ एकटा जाऊ शकतो. हे शब्द नसतील तर प्रत्येक वेळी दोघांना हजर व्हावं लागेल असा अर्थ निघू शकतो, आणि बाबा आपल्या मर्जीने "आज तू जा" म्हणून भावाला पाठवू शकत नाहीत, तुम्ही ज्याला नेमलं त्याला तो अधिकार पुढे दुसऱ्याला देता येत नाही, तसं कागदात लिहिलं असल्याशिवाय.

पझेशनच्या फ्लॅटसाठी काय लिहायचं? बिल्डरशी पत्रव्यवहार, फ्लॅटची पाहणी, पझेशन लेटरवर सही, चाव्या घेणं, मीटर आणि पाणी कनेक्शन नावावर करणं, सोसायटी मेंबरशिपचे फॉर्म, मेंटेनन्स भरणं, भाड्याने देणं आणि तो करार नोंदवणं, टॅक्सची नोंद, आणि गरज पडली तर अॅग्रीमेंटचं दुरुस्तीपत्र करून नोंदवणं. हे शेवटचं बहुतेक जण विसरतात, पण पार्किंगचा नंबर चुकला, एरिया बदलला, की दुरुस्तीपत्र लागतंच. विकण्याचा अधिकार आत्ता घालू नका. विकायचं नाहीये तर कशाला, आणि पाच वर्षांनी विकायचं ठरलंच तर तेव्हा ताजं कागद करा, खरेदीदाराची बँक तसंही ताजंच मागते.

फ्लॅटचं वर्णन मात्र इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या अॅग्रीमेंटचा सरकारी सारांश, समोर ठेवून अक्षर न अक्षर उतरवा. सर्व्हे नंबर, विंग, मजला, कार्पेट एरिया, पार्किंग, अॅग्रीमेंटचा नोंदणी क्रमांक आणि तारीख. माझ्या दुसऱ्या मुखत्यारपत्रात (त्याची गोष्ट पुढे येते) मी "फ्लॅट ७" लिहिलं आणि इंडेक्सवर "७ए" होतं. एका अक्षरासाठी सगळं परत. तुमचं नावही पासपोर्टवर जसं आहे आणि अॅग्रीमेंटवर जसं आहे त्यात फरक असेल, लग्नाआधीचं नंतरचं, तर दोन्ही नावं "उर्फ" करून लिहा.

बाबा सही कशी करतील हेही आत्ताच सांगून ठेवा, हसू नका, माझ्या सासऱ्यांनी सोसायटीच्या फॉर्मवर चक्क माझ्या सहीची नक्कल करून ठेवली होती, त्यांना वाटलं पॉवर आहे म्हणजे तिच्या नावाने सही करायची. तसं नाही. बाबांनी स्वतःचीच सही करायची, आणि खाली लिहायचं "अमुक यांच्या वतीने कुलमुखत्यार म्हणून". करार तुमचा, सही त्यांची. भाडेकरार असेल तर घरमालक म्हणून तुमचं नाव, "तर्फे कुलमुखत्यार" म्हणून त्यांचं.

आणि इथूनच एक गैरसमज सुरू होतो. बाबा सही करतात म्हणून व्यवहार बाबांचा होत नाही. भाड्याचं उत्पन्न तुमचं, कर तुमचा, आणि तुम्ही एनआरआय म्हणूनच मोजल्या जाता. भाडेकरूला वाटतं घरमालकाचे वडील इथे राहतात म्हणजे साधं भाडं, पण एनआरआय मालकाला भाडं देताना टीडीएस कापायची जबाबदारी त्याच्यावर येते. विकताना तर फारच. माझ्या खरेदीदाराने भाऊ पिंपरीत राहतो हे बघून एक टक्का टीडीएस कापायची तयारी केली होती, जो निवासी विक्रेत्याला लागतो. माझ्या सीएने वेळेत पकडलं. मी एनआरआय, मग माझ्या कॅपिटल गेनवर एनआरआयच्या दराने कापायला हवा, तेव्हा लाँग टर्मवर वीस टक्के अधिक सेस होता, जुलै २०२४ नंतर तो साडेबारा अधिक सेस झालाय. कमी कापलं तर नोटीस खरेदीदाराला येते आणि तो तुमच्यावर चिडतो. लोअर डिडक्शन सर्टिफिकेट, म्हणजे कमी टीडीएस कापायची आयकर खात्याची परवानगी, आधी काढून ठेवलं तर पैसे अडकत नाहीत. आणि चेक कुलमुखत्याराच्या नावाने घ्यायचा नाही, तुमच्या एनआरओ खात्यातच, म्हणजे एनआरआयचे इथले रुपये जिथे जमा होतात त्या खात्यात.

हो, बँक. इथे बाबांच्या मर्यादा सर्वात स्पष्ट आहेत आणि त्या तुम्ही कागदात काहीही लिहिलंत तरी बदलत नाहीत, कारण त्या फेमाच्या, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याच्या, नियमांत आहेत. तुम्ही तिकडे राहायला गेलात की इथलं साधं सेव्हिंग खातं एनआरओ करावं लागतं. ते चालवायला निवासी माणसाला पॉवर देता येते, बँकेच्या स्वतःच्या फॉर्मवर, तुमचं सुंदर नोंदणीकृत मुखत्यारपत्र बघून ते म्हणतील छान आहे, आता हा आमचा फॉर्म भरा. त्यावर बाबा काय करू शकतात: रुपयात स्थानिक देणी, म्हणजे हप्ता, मेंटेनन्स, टॅक्स, परवानगी असलेल्या गुंतवणुकी, आणि कर भरून उरलेलं चालू उत्पन्न तुमच्याच परदेशी खात्यात पाठवणं. काय नाही: तुमच्या नावाने नवीन एनआरई खातं, म्हणजे परदेशातली कमाई इथे ठेवायचं खातं, उघडणं, तुम्हाला सोडून दुसऱ्या कोणाला परदेशात पैसे पाठवणं, आणि तुमच्या एनआरई खात्यातून इथल्या कोणाला भेट देणं किंवा दुसऱ्या कोणाच्या एनआरई खात्यात पैसे टाकणं. भाच्याच्या मुंजीला "तिच्या खात्यातून दहा हजार दे" असं फोनवर सांगाल तर ते एनआरई खात्यातून बाबांना करता येणार नाही, तुम्हाला स्वतः नेटबँकिंगवरून करावं लागेल. खरं तर नेटबँकिंग चालू असेल तर बँकेची पॉवर लागतच नाही बरेचदा, मी कधीच दिली नाही. फक्त इथला मोबाइल नंबर चालू ठेवा किंवा निघायच्या आधी ओटीपी परदेशी नंबरवर येतो का ते बघून घ्या, नाहीतर सगळं तिथेच अडतं. नॉमिनीही तुम्हीच भरायचा, कुलमुखत्याराला नॉमिनी नेमता येत नाही, म्युच्युअल फंडात तर ते स्पष्टच आहे.

होम लोन वेगळं. पझेशनच्या आधीचे हप्ते बिल्डरला सोडायचे असतील तर प्रत्येक डिस्बर्समेंटला बँक सही मागते. निघायच्या आधी शाखेत जाऊन विचारा तुमचं स्वतःचं पॉवरचं ड्राफ्ट आहे का, बहुतेकांचं असतं, आणि तेच वापरा. त्यात "कर्जाची रक्कम वाढवणे" किंवा "मिळकत तारण ठेवणे" असं आलं असेल तर ते वाचून ठरवा, आंधळेपणाने सही करू नका. बाबांना पुढचा हप्ता सोडायला अधिकार द्यायचाय, नवीन कर्ज काढायला नाही.

आता सोसायटी. फ्लॅट मिळाला, सोसायटी झाली, पहिली सभा लागली, बाबा उत्साहाने जातील आणि तिथे त्यांना सांगतील की तुमचं मत धरता येणार नाही. सहकारी संस्थेत प्रॉक्सीने मतदान चालत नाही, आणि सोसायट्यांच्या उपविधींमध्ये कुलमुखत्याराला सर्वसाधारण सभेत सभासदाच्या वतीने बसू देत नाहीत असंच असतं. त्यात बाबांचा अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही, पण आधी माहीत असलेलं बरं. सेक्रेटरीला पत्र देणं, बिल भरणं, गळतीची तक्रार करणं हे सगळं ते करू शकतात.

जी कामं कोणत्याही मुखत्यारपत्राने होत नाहीत ती म्हणजे माणसाची अगदी स्वतःची. तुमचं मृत्युपत्र बाबा करू शकत नाहीत. निवडणुकीत तुमच्याऐवजी मत देता येत नाही. कोर्टात केस लागली, समजा बिल्डरवर, तर बाबा तुमच्या वतीने हजर राहू शकतात, कागद दाखल करू शकतात, पण जी गोष्ट फक्त तुम्हालाच माहीत आहे, बिल्डरने तुमच्याशी काय बोलणं केलं, त्याची साक्ष ते तुमच्या जागी देऊ शकत नाहीत. सुप्रीम कोर्टाने २००४ साली हे सांगितलंय. त्यामुळे बिल्डरशी सगळं बोलणं आत्तापासून ईमेलवर आणा, आणि पुढच्या मीटिंगला बाबांना घेऊन जा, मग ते स्वतः पाहिलेलं ऐकलेलं सांगू शकतील.

जमिनीबद्दल मी जरा कठोर बोलते. गावाकडे "ताई, तू तिकडे चाललीस, एक पॉवर देऊन ठेव, तलाठ्याकडे सारखं काम पडतं" असं प्रेमाने सांगतात आणि बहुतेक वेळा खरंच प्रेमानेच. पण सात बाराचा उतारा तर आता ऑनलाइन निघतो, आणि नाव चढवणं, मोजणी, पीक नोंद यासाठी लागणारे अर्ज आणि सह्या एवढंच द्यायचं असेल तर तेवढंच लिहा, गट नंबरासकट. "विक्री, हक्कसोड, वाटणी, बक्षीस, गहाण करण्याचा अधिकार नाही" हे वाक्य मुद्दाम स्पष्ट घाला. नाही लिहिलं म्हणजे नाही दिलं हे खरं असलं तरी तालुक्याच्या ठिकाणी तो वाद घालायला तुम्ही नसाल. हक्कसोडपत्राचं तर विशेष, बहिणींची नावं कमी करायला तेच वापरतात. द्यायचं असेल तर स्वतः येऊन द्या.

पॉवर आहे म्हणजे मालकी आली असं समजणारेही खूप आहेत, विशेषतः दलाल. पॉवर, साठेखत आणि मृत्युपत्र असा तीन कागदांचा सेट देऊन "विकलं" म्हणायची पद्धत होती. सुप्रीम कोर्टाने २०११ ला सुरज लॅम्पच्या निकालात सांगितलं की याने मालकी जात नाही, मालकी जाते ती नोंदवलेल्या खरेदीखतानेच. महाराष्ट्रात स्टँपवरही हे दिसतं, जवळच्या नातेवाइकाला मोबदल्याशिवाय विक्रीचा अधिकार दिला तर ५०० रुपये, पण बाहेरच्या माणसाला तोच अधिकार दिला तर खरेदीखताइतकी स्टँप ड्युटी लागते, लाखांत जाते. म्हणून कोणी ओळखीच्या एजंटच्या नावे "सोयीसाठी" द्या म्हटलं तर लगेच नाही म्हणा.

आता जर्मनीत आल्यावर करायची वेळ आलीच तर कसं होतं ते माझ्या दुसऱ्या कागदाच्या गोष्टीवरून सांगते. वकिलाने पहिला कागद नाकारल्यावर पुण्याच्या वकिलांनी नवीन ड्राफ्ट ईमेल केलं, विक्रीचा अधिकार, साठेखत आणि खरेदीखत करणे, सही करणे, नोंदणीला हजर करणे, कबुलीजबाब देणे, ताबा देणे, असं सगळं सुटं सुटं लिहून. बाडेन-वुर्टेम्बर्गला म्युनिकचं कॉन्सुलेट लागतं, तिथे अपॉइंटमेंट घेऊन पासपोर्ट, निवासाचा कागद, फोटो घेऊन जायचं आणि अधिकाऱ्यासमोरच सही करायची, आधी घरी सही करून नेलीत तर परत पाठवतात. साक्षीदार लागतात का आणि त्यांना बरोबर न्यायचं का हे आधी त्यांच्या यादीत बघा, मी न बघता गेले आणि दुसऱ्यांदा एका मैत्रिणीला रजा टाकून म्युनिकला न्यावं लागलं. दुसरा रस्ता म्हणजे जर्मन नोटार. त्याच्यासमोर सही करायची, तो सही प्रमाणित करतो, मग त्यावर लांडगेरिश्टचं, म्हणजे तिथल्या जिल्हा न्यायालयाचं, प्रमाणीकरण आणि मग भारतीय कॉन्सुलेटचा शिक्का, कारण परदेशी कागद एका शिक्क्यावर मानायच्या अपोस्टिल करारात भारत २००५ पासून असला तरी जर्मनीने हरकत घेतल्यामुळे या दोन देशांत तो लागू नाही. पण नोटारचा मजकूर जर्मनमध्ये असतो, मग त्याचं भाषांतर, मग पुण्यात दुय्यम निबंधकाला ते समजावणं. कॉन्सुलेट लांब असलं तरी मी तोच रस्ता सांगेन, तो शिक्का तिकडे ओळखीचा आहे.

मग कुरियर. आणि इथे एक तारीख लक्षात ठेवायची: परदेशात केलेला कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर महाराष्ट्राचा स्टँप लागला पाहिजे. भावाने कुरियरचं पाकीट तारखेसकट जपून ठेवलं, मुद्रांक कार्यालयात अर्ज केला, ड्युटी भरली, शिक्का आला. माझा पहिला प्रयत्न तो ७ए वाला चुकीचा, म्हणजे म्युनिक परत, कुरियर परत. एकूण दहा आठवडे गेले. गिऱ्हाईक थांबलं कारण त्याचंही लोन उशिरा झालं, नशीब आपलं. तुम्ही मार्चच्या आधी केलंत तर हे सगळं वाचतं, म्हणून इतकं लिहितेय.

खरेदीखताच्या दिवशी भावाने एक घोषणापत्रही सही करून दिलं. त्याची भाषा सरकारी आहे पण नीट वाचण्यासारखी: कुलमुखत्यारपत्र लिहून देणार यांनी ते रद्द केलेलं नाही, लिहून देणार व्यक्ती मयत झालेली नाही, अन्य कारणानेही ते रद्दबातल ठरलेलं नाही, आणि हे चुकीचं निघालं तर नोंदणी कायद्याच्या कलम ८२ खाली शिक्षेस पात्र. भावाने मला सकाळी फोन केला, "जिवंत आहेस ना, मला लिहून द्यायचंय." आम्ही हसलो, पण मुद्दा खरा आहे. देणारा गेला की मुखत्यारपत्र त्या क्षणी संपतं. घेणारा गेला तरी संपतं. देणाऱ्याची मानसिक अवस्था निर्णय घेण्याची राहिली नाही तरी संपतं, आपल्याकडे इंग्लंडसारखी आजारपणानंतरही चालणारी पॉवर कायद्यात नाही.

हे तुम्हाला उलट्या बाजूने जास्त लागू होईल. तुम्ही आई बाबांकडून त्यांच्या घराची, एफडीची पॉवर घ्यायचा विचार करत असाल ना, बहुतेक सगळे करतात, "उद्या काही झालं तर". नेमकं उद्या काही झालं की ती कामाची राहत नाही. माझ्या ओळखीत एकांनी वडिलांना स्मृतिभ्रंश झाल्यावर त्यांच्या जुन्या पॉवरवर एफडी मोडायचा प्रयत्न केला, बँकेने विचारलं वडील कुठे आहेत, आणि पुढे हायकोर्टातून पालकत्व घ्यायची वेळ आली. आई बाबांसाठी जॉइंट खातं "आयदर ऑर सर्व्हायव्हर", नॉमिनी आणि एक साधं मृत्युपत्र हे पॉवरपेक्षा खूप जास्त उपयोगी पडतं. ते निघायच्या आधीच करून घ्या, अवघड विषय आहे पण चहाबरोबर अर्ध्या तासात उरकतो.

मुदत. कायद्याने मुखत्यारपत्राला आपोआप संपायची तारीख नसते, पण तुम्ही घालू शकता, आणि मी घालायला सांगेन, पझेशननंतर दोन वर्षं वगैरे. नंतर पाहिजे तर नवीन करता येतं. आणि रद्द करायचं असेल तर बाबांना फोनवर सांगून भागत नाही. नोंदणीकृत असेल तर रद्द करण्याचा दस्तही नोंदवायचा, आणि मग बँक, बिल्डर, सोसायटी, भाडेकरू सगळ्यांना लेखी कळवायचं, कारण ज्याला रद्द झाल्याचं माहीत नाही त्याने जुन्या पॉवरवर विश्वास ठेवून व्यवहार केला तर तो तुमच्यावर बंधनकारक राहू शकतो. मूळ कागद परत घ्यायचा हे सर्वात महत्त्वाचं, झेरॉक्सवर काम करणारे कमी असतात, मुळावर सगळेच करतात.

मी ते २०२२ पर्यंत विसरले होते. सुट्टीला गेले तेव्हा भावाच्या कपाटात ती २०१४ ची नोटरीवाली सापडली, तीच "सर्व प्रकारची कामे" वाली, विकलेल्या फ्लॅटसकट. घेऊन आले, आणि भाडेकरूपासून सोसायटीपर्यंत जिथे जिथे तिची झेरॉक्स दिली होती त्यांना एक एक ओळीचं पत्र पाठवलं. तुम्ही झेरॉक्स देताना निदान एका वहीत लिहून ठेवा कोणाला दिली, मला आठवून आठवून यादी करावी लागली आणि तरी गॅसवाल्याचं राहिलंच.